दहा मि.मी. प्लेटमध्ये वीसचं भोक: फोर्स किती लागतो आणि क्षेत्रफळ कुठलं धरायचं

प्रश्न: माझ्याकडे १५ टनी हायड्रॉलिक प्रेस आहे, पंच २० मि.मी. चा. पंचाच्या तोंडाचं क्षेत्रफळ (πd²/4) काढून त्याला माइल्ड स्टीलच्या शिअर स्ट्रेंग्थने, म्हणजे ३५० ने गुणलं, तर साधारण ११ टन आले. ५ मि.मी. प्लेटला भोकं मस्त पडतात. पण १० मि.मी. प्लेट लावली की पंच मिलिमीटरभर आत जातो आणि प्रेस तिथेच थांबते. हिशेब चुकलाय की प्रेस कमी पडतेय? आधी १० चं भोक ड्रिल करून मग पंच मारला तर चालेल का?

उत्तर:

हिशेब चुकलाय. प्रेसचा दोष नाही, ती तिच्या ताकदीइतकं काम करतेय. आणि आधी भोक ड्रिल केल्याने फारसा फरक पडणार नाही. तो का पडत नाही हे खाली येईलच, कारण त्याचं उत्तरही क्षेत्रफळातच आहे.

५ मि.मी. प्लेटमधून पडलेली एखादी टिकली हातात घ्या. तिचे दोन चपटे चेहरे बघा. ते दोन्ही आधीपासूनच होते, प्लेटचे वरचे आणि खालचे पृष्ठभाग म्हणून. पंचाने ते तयार केलेले नाहीत. पंचाने नव्याने तयार केली ती फक्त टिकलीची कड, गोल फिरणारी भिंत. धातू तिथे फाटला, म्हणून जोर तिथे लागला. त्या भिंतीचं क्षेत्रफळ हेच शिअर क्षेत्र. ही भिंत मनातल्या मनात उलगडून सरळ पट्टी केली, तर तिची लांबी म्हणजे भोकाचा परिघ आणि रुंदी म्हणजे प्लेटची जाडी. म्हणून:

F = π × d × t × τ

यात d म्हणजे पंचाचा व्यास, t प्लेटची जाडी आणि τ मालाची शिअर स्ट्रेंग्थ. व्यास आणि जाडी मि.मी. मध्ये आणि τ न्यूटन प्रति चौरस मि.मी. मध्ये घेतला, की उत्तर थेट न्यूटनमध्ये येतं. त्याला ९८१० ने भागलं की टन.

तुमच्या सूत्रात प्लेटची जाडी कुठेच नव्हती. खरं म्हणजे तिथेच शंका यायला हवी होती, कारण त्या हिशेबाने पत्र्याला आणि जाड प्लेटला सारखाच जोर लागेल. पण ५ मि.मी. वर तो हिशेब बरोबर ठरला, आणि त्यामागे एक गमतीचा योगायोग आहे. कडेचं क्षेत्रफळ πdt आणि तोंडाचं πd²/4. यांचं गुणोत्तर काढलं तर 4t/d येतं. जाडी व्यासाच्या बरोबर चौथा हिस्सा असेल, तर हे गुणोत्तर १ होतं. २० च्या पंचाला ती जाडी ५ मि.मी. म्हणजे नेमक्या तुमच्या प्लेटवर चुकीचं सूत्र बरोबर उत्तर देत होतं: दोन्ही रीतींनी ३१४ चौ.मि.मी. जाडी दुप्पट झाल्याबरोबर कडेचं क्षेत्रफळ ६२८ झालं आणि तोंडाचं ३१४ वरच राहिलं. उलट २ मि.मी. पत्रा लावला असता, तर तुमच्या सूत्राने गरजेच्या अडीच पट जोर दाखवला असता आणि चूक कधी लक्षातही आली नसती.

तुमच्या प्लेटचा हिशेब

परिघ π × २० = ६२.८ मि.मी. त्याला जाडी १० ने गुणलं की शिअर क्षेत्र ६२८ चौ.मि.मी. τ तुमचाच, ३५० धरला, तर F = ६२८ × ३५० = सुमारे २,२०,००० न्यूटन, म्हणजे २२० किलोन्यूटन किंवा २२.४ टन. तुमची प्रेस १५ टनी, म्हणजे १४७ किलोन्यूटनची. भोक पडणं शक्यच नव्हतं.

मग पंच मिलिमीटरभर आत कसा गेला? १४७ किलोन्यूटनला ६२८ ने भागलं तर चौ.मि.मी. ला २३४ न्यूटन येतात. साध्या माइल्ड स्टीलची ताणातली यील्ड, म्हणजे धातू कायमचा सरकायला लागतो तो आकडा, २५० धरली, तर शिअरमधली यील्ड तिच्या ०.५७७ पट, म्हणजे १४५ च्या आसपास. २३४ हा आकडा यील्डच्या बराच वर आणि ३५० च्या बराच खाली. म्हणजे धातू सरकायला लागला, पंचाची कड त्यात रुतली, पण रुतता रुतता धातू कडक होत गेला आणि एका जागी त्याने प्रेसला रोखून धरलं. त्याच खड्ड्यात पुन्हा पुन्हा दाब देऊन उपयोग नाही. कडक झालेला धातू पुढच्या वेळी नरम होऊन बसलेला नसतो. रिलीफ व्हॉल्व्ह पिळून दाब वाढवण्याचा मोह तर मुळीच नको. १५ टनाची फ्रेम आणि सिलिंडर १५ टनासाठीच बनवलेले असतात.

ओघात आलंय म्हणून सांगतो: यील्डचा ०.५७७ पट आकडा वापरून पंचिंगचा फोर्स काढलेले हिशेबही बरेच दिसतात. तसं केलं तर तुमच्या भोकाला ९ टनच लागतील असं उत्तर येतं. पण तो आकडा धातू सरकायला कधी लागतो ते सांगतो. भोक पडायला धातू तुटेपर्यंत जावं लागतं, म्हणून पाया अंतिम ताणबळाचाच, म्हणजे युटीएसचाच धरायचा.

τ कुठून आणायचा

क्षेत्रफळ एकदा बरोबर धरलं, की सूत्रातला सगळा अंदाजपंचे भाग τ मध्ये येऊन बसतो. ३५० हा माइल्ड स्टीलचा चालू आकडा वाईट नाही, पण तो तुमच्या प्लेटचा आकडा आहे असं नाही.

कामचलाऊ नियम असा, की पंचिंगसाठी τ म्हणजे युटीएसच्या ०.८ पट. ०.६ ते ०.८ असे वेगवेगळे गुणक पुस्तकांत दिसतात. प्रेस निवडताना वरचाच घ्यावा. आता युटीएस कुठला? इथे एक फसगत होते. स्टीलच्या ग्रेडमध्ये दिलेला आकडा किमान हमीचा असतो. बीम किंवा ब्रॅकेट डिझाइन करताना किमान आकडा धरणं ही सुरक्षित बाजू, कारण प्लेट त्याहून मजबूत निघाली तर चांगलंच. पंचिंगमध्ये बाजू उलटी होते. प्लेट जितकी मजबूत निघेल तितकी तुमची अडचण वाढते. ज्या ग्रेडची हमी किमान ४१० ची आहे, तिची प्रत्यक्ष प्लेट ४७० किंवा ४८० ची निघणं अगदी नेहमीचं. म्हणून ग्रेडवरून हिशेब न करता मिल टेस्ट सर्टिफिकेटवरचा प्रत्यक्ष आकडा घ्यायचा. सर्टिफिकेट नसेल तर ४८० धरून चाला.

४८० चे ०.८ पट ३८४. ६२८ × ३८४ म्हणजे २४१ किलोन्यूटन, २४.६ टन. हे धारदार पंचाचं उत्तर झालं. पंचाची कड काही शेकडा भोकांनंतर गोलावते आणि फोर्स वाढत जातो, शिवाय प्रेसची पूर्ण ताकद रोज वापरायची नसते. दोन्हीसाठी मिळून २५ टक्के वाढवा, म्हणजे सुमारे ३१ टन. या कामाला ३५ टनी प्रेस हवी.

तुमच्याकडे हायड्रॉलिक प्रेस आहे हे एका बाबतीत सोयीचं आहे: τ तुम्ही स्वतःच मोजू शकता. समजा सिलिंडरचा बोअर १०० मि.मी. आहे. त्याचं क्षेत्रफळ ७८५४ चौ.मि.मी. ५ मि.मी. प्लेटला भोक पाडताना गेजचा काटा सर्वांत वर कुठपर्यंत गेला ते बघा. तो १५० बारपर्यंत गेला असेल, तर १ बार म्हणजे चौ.मि.मी. ला ०.१ न्यूटन, म्हणून फोर्स ७८५४ × १५ = १,१७,८०० न्यूटन. याला ३१४ ने भागा, τ आला ३७५. हा तुमच्या मालाचा, तुमच्या पंचाचा आणि तुमच्या क्लिअरन्सचा, म्हणजे पंच आणि त्याखालची डाय यांच्यातल्या फटीचा, मिळून आलेला आकडा आहे. सीलचं घर्षण आणि परतीची स्प्रिंग यांचा थोडा वाटा त्यात मिसळलेला असतो, पण त्यामुळे आकडा किंचित जास्तच दिसतो, म्हणजे चूक सुरक्षित बाजूला राहते. पंच हळू उतरवा, नाहीतर काटा शिखर गाठायच्या आत भोक पडून जातं. कमाल दाबावर थांबून राहणारा दुसरा काटा असलेला गेज मिळाला तर उत्तमच. १० मि.मी. ची प्लेट ५ च्याच ग्रेडची असेल तर हाच τ तिलाही चालेल. ग्रेड वेगळी असेल तर त्याच प्लेटवर लहान भोक पाडून मोजा.

हे क्षेत्रफळ पूर्णपणे खरं आहे का?

नाही, आणि हे समजून घेतलं तर बऱ्याच गोष्टी उलगडतात.

πdt हे पूर्ण जाडीचं क्षेत्रफळ. पण फोर्स कमाल होतो त्या क्षणी पंच आधीच बराच आत गेलेला असतो. माइल्ड स्टीलमध्ये साधारण जाडीच्या एक तृतीयांशाच्या आसपास. म्हणजे त्या क्षणी प्रत्यक्ष धरून असलेली भिंत पूर्ण १० मि.मी. ची राहिलेली नसते. दुसरीकडे, उरलेला धातू कडक होऊन मूळच्यापेक्षा मजबूत झालेला असतो. एक गोष्ट कमी होतेय, दुसरी वाढतेय, आणि दोघींच्या ओढाताणीत फोर्सचं शिखर येतं. पुढे पंचाच्या आणि डायच्या कडेपासून भेगा सुटतात, एकमेकींना मिळतात आणि टिकली एका झटक्यात मोकळी होते.

म्हणून सूत्रातला τ हा धातूचा शुद्ध गुणधर्म मानू नका. तो म्हणजे कमाल फोर्स भागिले मूळ क्षेत्रफळ, असा ठरवून घेतलेला आकडा. तो पंचिंगच्या मोजमापातून आला असेल तर πdt बरोबर चपखल बसतो. दुसऱ्या कुठल्या चाचणीतला शिअरचा आकडा आणून इथे घातला तर जुळेलच असं नाही.

भेग पंचाच्या कडेपासून डायच्या कडेपर्यंत जाते आणि डायचं भोक पंचापेक्षा मोठं असतं, त्यामुळे भिंतही किंचित तिरकी असते. मग सरासरी व्यास धरावा का? पंच २० आणि डाय २१.२ असेल तर सरासरी २०.६, फरक ३ टक्के. τ मध्येच १० टक्के इकडे-तिकडे असताना या ३ टक्क्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. पंचाचा व्यास धरा आणि पुढे चला.

आधी १० चं भोक ड्रिल केलं तर?

पुन्हा टिकलीकडे या. मधे १० चं भोक असेल तर पडणारा तुकडा टिकली न राहता वॉशर होईल. पण त्याची बाहेरची कड अजूनही ६२.८ मि.मी. लांब आणि १० मि.मी. उंच. फाटायची भिंत तीच, मग फोर्सही जवळपास तोच. तुम्ही काढून टाकलात तो मधला धातू, जो मुळात पंचाला विरोध करतच नव्हता. उलट पंचाच्या तोंडाला मधे आधार राहिला नाही.

१८ किंवा १९ पर्यंत ड्रिल करून कडेची बारीक रिंग तेवढी ठेवली, तर फोर्स खरोखर उतरतो. पण तेव्हा ते पंचिंग राहत नाही, ते शेव्हिंग झालं: धातू भिंतीच्या बाजूने सोलून निघतो. आणि १९ पर्यंत ड्रिल करणारा माणूस २० पर्यंतही ड्रिल करू शकतो.

तिरक्या तोंडाचा पंच

फोर्स कमी करण्याची एकच खरी युक्ती आहे, ती म्हणजे पूर्ण परिघ एका वेळी न कापणं. कात्री कागद टोकापासून कापत जाते तसं. पंचाच्या तोंडाला उतार दिला, की कोणत्याही क्षणी परिघाचा काही भागच कापला जात असतो आणि शिखर खाली येतं. एकूण काम मात्र तेवढंच राहतं. कमी जोर जास्त अंतरभर लावावा लागतो, म्हणजे उताराइतका स्ट्रोक वाढतो.

उतार एकाच बाजूला दिला तर पंच बाजूला ढकलला जातो आणि डायच्या कडेला घासतो. म्हणून कौलारू छपरासारखे दोन समान उतार द्यायचे, म्हणजे बाजूचे जोर एकमेकांना मारतात. भोक हवं असेल आणि टिकली फेकायची असेल, तर उतार पंचावर: टिकली वाकते, प्लेट सपाट राहते. टिकलीच हवी असेल, तर उतार डायवर.

तुमच्या १० मि.मी. प्लेटला ५ मि.मी. उताराचा पंच वापरला, तर कागदावर फोर्स निम्म्याच्याही खाली येतो. प्रत्यक्षात टिकली वाकवायला आणि घर्षणाला काही जोर जातो, म्हणून एक तृतीयांशापेक्षा जास्त बचत हिशेबात धरू नये. २४१ चे दोन तृतीयांश १६१ किलोन्यूटन, म्हणजे १६.४ टन. तुमची प्रेस इथेही अडते, तेही धारदार पंचावर. ही युक्ती २५ टनी प्रेसला उपयोगी पडली असती.

पंचाच्या तोंडाचं क्षेत्रफळ लागतं ते इथे

तुम्ही काढलेलं πd²/4 वाया जाणार नाही. त्याची खरी जागा म्हणजे पंच स्वतः हा दाब सोसेल का, हे बघण्यात. प्लेटमध्ये शिअर असतं, पण पंचाच्या दांड्यात सरळ दाब असतो, आणि तो पूर्ण फोर्स त्याच्या आडव्या छेदातून जातो. २४१ किलोन्यूटनला ३१४ ने भागलं, तर चौ.मि.मी. ला ७६८ न्यूटन. कडक केलेल्या टूल स्टीलला हे आरामात झेपतं.

हा दाब सूत्रात मांडला तर 4 × t × τ / d येतो. म्हणजे व्यास लहान होत जाईल तसा फोर्स कमी होतो, पण पंचावरचा दाब वाढतो. व्यास आणि जाडी सारखी, म्हणजे १० मि.मी. प्लेटमध्ये १० चं भोक असेल, तर दाब τ च्या चौपट: १५३६ न्यूटन. साध्या टूल स्टीलच्या पंचाला रोजच्या कामात मी यापुढे नेणार नाही. ८ चं भोक पाडायला गेलात तर १९२० होतो. प्रेसला लागतात फक्त १० टन, ती कुरकुरतही नाही, पण पंच टोकाशी फुगतो, वाकतो किंवा तुटून उडतो. 'भोकाचा व्यास प्लेटच्या जाडीपेक्षा कमी नको' हा जुना नियम इथून येतो. हाय टेन्साइल किंवा स्टेनलेस प्लेटला τ जास्त, म्हणून तिथे व्यास जाडीच्या दीडपट तरी ठेवावा.

आता दोन्ही मर्यादा तुमच्या प्रेसवर एकत्र लावून बघा. १५ टनाला २५ टक्क्यांची ती राखीव ठेवली, तर वापरायला राहिले १२ टन, ११८ किलोन्यूटन. τ ३८४ धरून १० मि.मी. प्लेटमध्ये यातून भोक निघतं ९.८ मि.मी. चं. म्हणजे १० च्या वर प्रेस जाऊ देत नाही आणि १० च्या खाली पंच जाऊ देत नाही. १० मि.मी. माइल्ड स्टील या प्रेसचं कामच नाही, मधे वापरायला जागा उरत नाही. आणि २० च्या पंचाला जाडीची मर्यादा येते ४.९ मि.मी. तुमची ५ मि.मी. प्लेट बरोबर काठावर बसली होती. तिथेही पंच बोथट झाला किंवा प्लेट जरा कडक आली, की अडचण येईल.

डाय बदलायला विसरू नका

मोठी प्रेस आणलीत, तरी ५ मि.मी. ची डाय १० ला वापरू नका. माइल्ड स्टीलसाठी डाय आणि पंच यांच्या व्यासातला फरक जाडीच्या १० ते १५ टक्के ठेवतात. ५ मि.मी. ला तो अर्धा ते पाऊण मि.मी. आणि १० ला १ ते १.५ मि.मी. म्हणजे २० च्या पंचाखाली डाय २१ ते २१.५ ची. भोकाचा वरचा व्यास पंचाप्रमाणे येतो आणि टिकलीचा व्यास डायप्रमाणे.

क्लिअरन्स बरोबर आहे की नाही हे टिकलीची कडच सांगते. ती उजेडात तिरकी धरा. एका टोकाला किंचित गोलावलेली कड दिसेल, मग चकचकीत पट्टा, साधारण जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, आणि त्यापुढे खरखरीत, राखाडी, थोडासा तिरका फाटलेला भाग. असं दिसलं तर सगळं जागेवर आहे.

चकचकीत पट्टे दोन दिसले आणि मधे खरखरीत भाग अडकलेला असेल, तर क्लिअरन्स कमी आहे. वरची आणि खालची भेग एकमेकींना चुकवून गेल्या आणि मधला धातू दुसऱ्यांदा कापावा लागला. याने फोर्स थोडा वाढतो, पण खरी किंमत पंच परत ओढताना मोजावी लागते, कारण भोक पंचाला घट्ट आवळून बसतं. चकचकीत पट्टा अगदी अरुंद, कड जास्त गोलावलेली आणि भोकाखाली जाड बर, म्हणजे कडेला उरलेली धातूची धारदार किनार, असेल, तर क्लिअरन्स जास्त. पट्टा एका बाजूला रुंद आणि समोरच्या बाजूला अरुंद असेल, तर पंच डायच्या मध्यावर नाही. ते पुढच्या भोकाआधीच दुरुस्त करा. आणि क्लिअरन्स बरोबर असूनही बर वाढत चालली असेल, तर कड बोथट झालीय. अशा वेळी दाब वाढवण्याआधी पंच ग्राइंड करून घ्या.

भोक गोल नसेल तर

परिघाच्या जागी कापायच्या रेषेची एकूण लांबी घाला, बाकी सूत्र तेच. २० चा चौकोन ८० मि.मी. कापतो, म्हणजे २० च्या गोलापेक्षा २७ टक्के जास्त. १४ रुंद आणि ३० लांब, टोकं गोल असलेल्या स्लॉटची रेषा ४४ अधिक ३२, म्हणजे ७६ मि.मी. दोन पंच एकदम मारायचे असतील, तर दोघांच्या रेषांची बेरीज. मात्र एक पंच दुसऱ्यापेक्षा जाडीच्या अर्ध्याने वगैरे आखूड ठेवला, तर दोघांची शिखरं एकाच वेळी येत नाहीत.

परतीचा जोर

पंच खाली जाताना सगळ्यांचं लक्ष असतं, पण बरेच पंच तुटतात ते वर येताना. प्लेट पंचाला धरून बसते आणि तिला उतरवायला पंचिंग फोर्सच्या १० ते २० टक्के जोर लागतो. तुमच्या भोकाला तो २४ ते ४८ किलोन्यूटन, म्हणजे ५ टनापर्यंत जाऊ शकतो. याची तीन ठिकाणी तपासणी करा. सिलिंडरची परती स्प्रिंगवर असेल तर ती बहुधा एवढं ओढणार नाही, त्यासाठी डबल ॲक्टिंग सिलिंडर लागतो. पंच वर येताना प्लेटला खाली अडवून धरतो तो स्ट्रिपर, त्याचे बोल्ट ४८ किलोन्यूटन ताण धरून निवडा. आणि हा स्ट्रिपर पंचाच्या दोन्ही बाजूंना प्लेटवर सारखा टेकला पाहिजे. एकाच बाजूला टेकला तर प्लेट कलते, पंच भोकात तिरका होतो आणि दाबाला ७६८ सहज सोसणारं तेच कडक स्टील वाकवण्याच्या जोराला काचेसारखं तुटतं. पंचाला तेलाचा एक हात आणि स्ट्रिपर व प्लेटमध्ये दोन-तीन मि.मी. हून जास्त फट नको.

डोळ्यांना चष्मा हवाच, पण तेवढ्यावर थांबू नका, पंचाभोवती जाळीचा गार्डही लावा. टिकली सुटते त्या क्षणी २४ टनांनी ताणलेली फ्रेम एकदम मोकळी होते आणि धक्का उलटा वर जातो. पंच धरणारा नट त्याच धक्क्याने सैल होतो, म्हणून पहिल्या पाच-सहा भोकांनंतर प्रेस बंद करून तो पुन्हा आवळून घ्या.